गोडाऊनमध्ये १२०, शब्द मात्र ३०चा

एप्रिलचा पहिला सोमवार. नागपुरात सकाळी दहालाच उन्हाचा चटका बसू लागतो आणि आमचा फोन त्याच्याही आधी तापतो. एक गृहस्थ काउंटरला टेकून उभे होते. मागच्या दारातून त्यांना गोडाऊन दिसत होतं. पत्र्याचे कूलर एकावर एक छतापर्यंत लावलेले. "भाऊ, चाळीस पाहिजेत, आजच गाडी लावतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "आज तीस देऊ शकतो." त्यांनी मागे वळून बघितलं आणि विचारलं, "मग हे सगळं काय आहे?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. त्या दिवशी छत्तीस इंची मॉडेलचे १२० नग गोडाऊनमध्ये होते. तरी आमच्या हातात देण्यासारखे ३०च होते. उरलेले ९० कुणाचे होते आणि ३० हा आकडा कुठून आला, याचा हिशेब मांडण्यासाठी हा लेख लिहितो आहे. कारखानदारीच्या भाषेत त्याला ‘अव्हेलेबल टु प्रॉमिस’ म्हणतात, तोंडी नुसतं ‘एटीपी’. मी त्याला ‘शब्द देण्याजोगा माल’ म्हणतो. कूलर असो, वह्या असोत की दिवाळीचा फराळ, आगाऊ ऑर्डर घेणाऱ्या प्रत्येकाला हा हिशेब लागू आहे.

हा हिशेब शिकण्याआधी आम्ही दोन उन्हाळे दोन वेगवेगळ्या चुकांत घालवले.

पहिल्या वर्षी आम्ही डोळ्यांना दिसेल तो माल विकला. गोडाऊनमध्ये आहे ना, मग दे. पक्क्या ऑर्डरी वहीत होत्या, पण त्यांच्या तारखा पुढच्या होत्या आणि तोवर नवा माल येईल असं आम्ही धरून चाललो. मोटारी उशिरा आल्या. एका मंगल कार्यालयाने महिनाभर आधी बयाणा देऊन पंधरा कूलर सांगून ठेवले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांची गाडी दारात आली तेव्हा आमच्याकडे सहा होते. विदर्भातलं मे महिन्यातलं लग्न, मांडवात पाचशे माणसं आणि नऊ कूलर कमी. त्या वधूपित्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलट टोकाला गेलो. ऑर्डर पक्की झाली की गोडाऊनमधल्या कूलरला लगेच चिठ्ठी बांधायची. गुलाबी कागद, सुतळी, गिऱ्हाइकाचं नाव, तारीख. एप्रिल उजाडेपर्यंत सगळ्या कूलरांना चिठ्ठ्या लागल्या. त्यांतल्या निम्म्या ऑर्डरी तीन-चार आठवड्यांनंतरच्या होत्या आणि त्या आधी नवा माल तयार होणारच होता. पण चिठ्ठी बांधलेला नग विकायचा नाही असा नियम, म्हणून दारात आलेलं रोखीचं गिऱ्हाईक परत गेलं. संध्याकाळी मी गोडाऊनमध्ये जायचो तेव्हा तो भरलेला माल बघून पोटात तुटायचं. पहिल्या वर्षी शब्द मोडला, दुसऱ्या वर्षी धंदा मोडला. दोन्ही वेळा आम्ही एकच गोष्ट विसरलो होतो. माल किती आहे एवढं पुरत नाही, तो कधी हवा आणि कधी येणार हेही त्याच कागदावर असावं लागतं.

अमेरिकेतले जोसेफ ऑर्लिकी यांचं १९७५ साली आलेलं कारखान्याच्या मालनियोजनावरचं पुस्तक याच पायावर उभं आहे. साठ्याचा एक आकडा न लिहिता काळाचे खण पाडायचे आणि प्रत्येक खणात येणं-जाणं मांडायचं. आमचे खण आठवड्याचे आहेत. त्या सोमवारचा कागद असा होता:

| आठवडा | १ | २ | ३ | ४ | ५ |
|---|---|---|---|---|---|
| हातातला / येणारा माल | १२० | – | १०० | – | १०० |
| पक्क्या ऑर्डरी | ४० | ३० | ५० | ७० | २० |

पक्क्या ऑर्डरी म्हणजे बयाणा आलेल्या आणि त्या आठवड्यात गाडीत चढणाऱ्या. गिऱ्हाइकाच्या दारात पोचण्याची तारीख इथे लिहायची नाही, आपल्या दारातून निघण्याची लिहायची. चंद्रपूरचा माल त्याच दिवशी पोचतो, कोकणातला पोचायला दिवस लागतात. ही तारीख चुकीची लिहिली तर पुढचा सगळा हिशेब एका खणाने सरकतो.

आता ऑर्डरींची बेरीज करून बघा. ४०, ३०, ५०, ७०, २० मिळून २१० होतात. हातात १२०. चिठ्ठ्यांच्या हिशेबाने आज एकही नग मोकळा नाही, उलट नव्वदची तूट आहे. आणि डोळ्यांच्या हिशेबाने १२०चे १२० मोकळे आहेत. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे आणि ते काढायला शेवटच्या खणापासून मागे यावं लागतं.

पाचव्या आठवड्यात १०० येणार, २० जाणार. ८० मोकळे.

त्याच्या मागे या. तिसऱ्या आठवड्यात १०० येणार, पण पुढचा माल थेट पाचव्यात येतो. म्हणजे या शंभरावर तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही आठवड्यांचा भार आहे, ५० अधिक ७०, एकूण १२०. वीस कमी पडतात. पाचव्या आठवड्यात ८० मोकळे असले तरी ते इथे कामाचे नाहीत. उद्याचा माल कालच्या गाडीत चढत नाही. ही वीसची तूट आधीच्या मालातूनच भरावी लागणार.

आणखी मागे. हातात १२०. पहिल्या दोन आठवड्यांत ७० जाणार, राहिले ५०. त्यांतून पुढच्या तुटीचे २० बाजूला काढले, राहिले ३०. हाच तो आकडा. आज काउंटरवरून ३० विकले तरी पाच आठवड्यांतल्या एकाही पक्क्या गिऱ्हाइकाला धक्का लागत नाही. एकतिसावा विकला की चौथ्या आठवड्यात कुणाचा तरी एक कूलर कमी पडणार, मग आज गोडाऊन कितीही भरलेलं दिसो.

त्या गृहस्थांना मी हाच कागद दाखवला. त्यांनी पंचवीस सांगितले, पण पैसे उद्या आणतो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आले नाहीत. त्यांचं पुढे काय झालं ते येईलच.

त्यानंतर वणीच्या एका दुकानदाराचा फोन आला. चौथ्या आठवड्यात साठ कूलर हवेत. चौथ्या आठवड्यापर्यंत एकूण मोकळे तीसच होते, म्हणून साठचा शब्द देता येत नव्हता. मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. तीस चौथ्या आठवड्यात आणि तीस पाचव्यात घ्या, नाहीतर सगळे साठ पाचव्यात घ्या. ते म्हणाले, "दोनदा गाडीभाडं कशाला, पाचव्यातच द्या."

इथे कागदावर नेमकं काय करायचं, यात या विषयाचं मर्म आहे. सरळ डोक्याचा माणूस म्हणेल, तीस हातात मोकळे आहेत ते आधी वणीवाल्यांच्या नावावर लावू आणि उरलेले तीस पाचव्या आठवड्यातून देऊ. असं केलं की आजचा मोकळा आकडा शून्य. ज्याला माल पाचव्या आठवड्यात हवा त्याच्यासाठी आजचा कूलर चार आठवडे अडकून पडणार आणि काउंटरवरचं गिऱ्हाईक हात हलवत परत जाणार. आमच्या चिठ्ठ्यांच्या वर्षी हेच होत होतं.

म्हणून नियम उलटा ठेवायचा. ऑर्डर ज्या तारखेची, त्या तारखेच्या जवळात जवळ आधी येणाऱ्या मालातून ती आधी भरायची. तिथे पुरलं नाही तरच एकेक पायरी मागे यायचं आणि हातातल्या मालाला सगळ्यात शेवटी हात लावायचा. वणीच्या साठांना पाचव्या आठवड्यातल्या ८०मधून घेतलं. तिथे २० उरले आणि आजचे ३० जसेच्या तसे मोकळे राहिले. एक पक्की ऑर्डर राखली गेली आणि काउंटरची विक्री एका नगानेही अडली नाही.

वणीवाले चौथ्या आठवड्यातल्या तीसवर अडून बसले असते तर ते तीस आजच्या मोकळ्या मालातून गेले असते. मग प्रश्न हिशेबाचा राहत नाही. काउंटरवरचं गिऱ्हाईक पूर्ण भावाने आणि रोखीने घेतं, दुकानदार सूट मागतो पण वर्षभर माल उचलतो. कुणाला द्यायचं हे मालकाने ठरवायचं. आमच्या मालकांनी मोकळ्या मालाचा काही भाग काउंटरसाठी वेगळा धरायला सांगितलं आहे आणि शनिवारपर्यंत तो विकला गेला नाही तर तो सगळ्यांसाठी खुला होतो. रेल्वेचे कोटे असेच असतात, पण तिथेही न भरलेल्या जागा शेवटी प्रतीक्षायादीला मिळतात. खुला होण्याची तारीख नसलेला कोटा म्हणजे पुन्हा गुलाबी चिठ्ठीच.

चिठ्ठ्या आम्ही अजूनही बांधतो, पण माल चढवण्याच्या दिवशी सकाळी. त्याआधी राखायचा तो आकडा, नग नाही. अमरावतीच्या दुकानदाराचे ३५ राखले याचा अर्थ तिसऱ्या आठवड्यात कुठलेही ३५ चांगले कूलर त्यांना मिळतील. अमुक रांगेतले ३५ नव्हे. पूर्वी पक्क्या नगांना चिठ्ठी असल्यामुळे गोडाऊनमधला पोरगा मागच्या रांगेतला कूलर काढायला पुढचे बारा हलवायचा, पत्र्याला पोचे पडायचे, वाळ्याच्या ताट्या सुटायच्या. एखाद्या नगाची टाकी गळकी निघाली की त्या गिऱ्हाइकाची ऑर्डरच अडायची, शेजारी दहा धड कूलर उभे असताना. आकडा राखला की ही सगळी ओढाताण संपते. अपवाद एकच. गिऱ्हाइकाने खास रंग किंवा जास्त मोठी टाकी सांगितली असेल तर तो नग त्याचाच, त्याला पहिल्या दिवसापासून चिठ्ठी.

आता ‘पैसे उद्या आणतो’ म्हणणारे गृहस्थ. त्यांचे पंचवीस मी पेन्सिलीने लिहिले होते. पेन्सिलीने लिहिलेलंही मोकळ्या आकड्यातून वजा होतं, नाहीतर तोच माल दुसऱ्याला कबूल होईल. म्हणून त्या दिवशी काउंटरवर प्रत्यक्षात पाचच मोकळे राहिले होते. पण पेन्सिलीच्या प्रत्येक ओळीपुढे एक वेळ लिहिलेली असते. त्यांच्यापुढे मंगळवार संध्याकाळ लिहिलं होतं. बयाणा आला नाही, ओळ खोडली, आकडा पुन्हा तीस. हे खोडण्याचं काम माणसाच्या भिडेवर सोडलं तर होत नाही, कारण ओळखीच्या माणसाला कोण नाही म्हणणार? आता कॉम्प्युटर ती ओळ वेळ संपताच आपोआप काढतो आणि गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितलेलं असतं.

अशीच काळजी जुन्या पक्क्या ऑर्डरींची घ्यावी लागते. माल चढवण्याची तारीख उलटून गेली, गाडी आली नाही, कुणी फोन केला नाही, आणि ती ऑर्डर हिशेबात तशीच बसून माल खात राहते. शब्द देण्याजोगा आकडा सतत शून्याजवळ दिसतो आणि गोडाऊन मात्र रिकामं होत नाही, असं झालं की समजावं आत अशा ऑर्डरी पडून आहेत. दर शनिवारी तारीख उलटलेल्यांची यादी काढून एकेकाला फोन करायचा. नवी तारीख द्या, नाहीतर रद्द.

या सगळ्या हिशेबाचा कच्चा दुवा एकच आहे आणि तो म्हणजे ‘येणार’ हा शब्द. तिसऱ्या आठवड्यात १०० येणार हे आपण गृहीत धरलं. दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी मोटारवाल्यांचा फोन आला, माल आठवडाभर उशिरा निघेल. म्हणजे आमचे १०० कूलर तिसऱ्याऐवजी चौथ्या आठवड्यात तयार होणार. तोवर पहिल्या आठवड्यातले पक्के ४० गेले होते आणि काउंटरवर १० विकले गेले होते. गोडाऊनमध्ये ७० उभे होते. पहिल्या वर्षीचा मी असतो तर त्या सत्तरांकडे बघून निश्चिंत राहिलो असतो.

नवा हिशेब मांडला. सत्तरातून दुसऱ्या आठवड्याचे ३० गेले की राहतात ४०. तिसऱ्या आठवड्याच्या ऑर्डरी ५०. तिसऱ्या खणात उणे दहा. सकाळपर्यंत काउंटरवर मोकळे २० दिसत होते, ते त्या क्षणी शून्य झाले आणि वर दहाची तूट आली. चौथ्या आठवड्यात १०० येऊन ७० जाणार, म्हणजे ३० उरणार. तूट एका आठवड्यापुरती होती, पण त्या आठवड्यात ती खरी होती.

खणात उणे आकडा दिसला की दोन कामं ताबडतोब. पहिलं, त्या आधीच्या सगळ्या मोकळ्या मालाची विक्री थांबवायची. काउंटरवर सांगितलं, आजपासून छत्तीस इंचीचा शब्द चौथ्या आठवड्याचाच. दुसरं, तिसऱ्या आठवड्यातले ५० कोणाचे आहेत ते बघायचं. १५ मंगल कार्यालयाचे, लग्नाची तारीख ठरलेली, त्यांना हात लावायचा प्रश्नच नाही. ३५ अमरावतीच्या दुकानदाराचे, ते दुकानात मांडायला हवे होते. त्यांना त्याच दुपारी फोन केला. "काका, पंचवीस ठरल्याप्रमाणे पाठवतो, दहा पुढच्या आठवड्यात. भाडं आमचं." ते थोडे कुरकुरले, पण हो म्हणाले. गाडी दारात आल्यावर हेच सांगितलं असतं तर ते हो म्हणाले नसते. त्यांचे १० चौथ्या आठवड्यात सरकवले, तिसरा खण शून्यावर आला आणि चौथ्यात २० मोकळे उरले.

हा हिशेब किती विश्वासाचा हे ‘येणार’ किती विश्वासाचं यावर ठरतं. म्हणून ज्या मालाच्या मोटारी अजून आमच्या दारात आलेल्या नाहीत, त्यातला थोडा भाग आम्ही आता मोकळ्या आकड्यात धरतच नाही. आणि हातातला आकडाही दर सोमवारी मोजून घेतो. वहीत १२० असतात, मोजले की त्यांतला एक दुकानात दाखवायला ठेवलेला, दोन वाकलेले, एक दुरुस्तीला. असे नग वजा केल्याशिवाय पहिल्या खणात आकडा लिहायचा नाही. आणखी मोटारी मिळाल्या तर आणखी कूलर बनवता येतील का, हे या कागदाला कळत नाही. तो ठरलेल्या मालावरच बोलतो. बनवण्याची ताकद मोजायची तर कारखान्याचा वेगळा हिशेब लागतो.

चौथ्या आठवड्यात मोकळे २० असताना आणखी एक प्रकार झाला. मी काउंटरवर फोनवर होतो आणि आमचा विक्रीचा मुलगा यवतमाळला एका दुकानात होता. त्याने मोबाइलवर २० बघितले, मीही २० बघितले. दोघांनी एकाच वेळी पंधरा-पंधरा कबूल केले. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं नव्हतं. त्या मुलाची नोंद आधी गेली. माझी गेली तेव्हा कॉम्प्युटरने ती नाकारली, कारण तोवर पाचच उरले होते. बघणं आणि वजा करणं या दोन क्रिया आमच्या कॉम्प्युटरमध्ये एका दमात होतात. मध्ये दुसरा कुणी शिरू शकत नाही. चूक माझी होती. आकडा बघून मी तोंडाने शब्द दिला आणि नोंद नंतर केली. फोनवरच्या माणसाची मी माफी मागितली आणि त्यांना पाच चौथ्यात, दहा पाचव्यात असं विचारलं. पाचव्या आठवड्यात वणीवाल्यांचे साठ जाऊनही २० मोकळे होते, म्हणून ते जमलं. तेव्हापासून आमच्याकडे नोंद पडून नंबर आल्याशिवाय कुणी गिऱ्हाइकाला ‘हो’ म्हणत नाही, "एक मिनिट थांबा" म्हणतो.

चौथ्या आठवड्याच्या सोमवारी मोटारी लागून शंभर कूलर गोडाऊनमध्ये उभे राहिले. अमरावतीची गाडी सकाळी सातला लागली. पोरग्याने दाराजवळचे दहा धड नग निवडले, पाणी घालून टाक्या तपासल्या आणि मग त्यांना गुलाबी चिठ्ठ्या बांधल्या.